खेळातून फ्रेंच : पाचवीच्या वर्गासाठी दहा तासांची पाठयोजना

‘मुलांना इंग्रजीच धड बोलता येत नाही, तिथे फ्रेंच कशासाठी?’ पालक सभेत हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. वसतिगृहात राहून शिकणारे आपले मूल इंग्रजीचे वाक्य बोलताना अडखळते, याचे एक कारण असे की त्या भाषेत कोणी तरी त्याच्या आधीच पुढे गेलेले असते. शेजारच्या बाकावरचा मुलगा इंग्रजी माध्यमातून आलेला असतो आणि चुकले की हसतो. फ्रेंचच्या पहिल्या तासाला मात्र सगळा वर्ग एकाच रेषेवर उभा असतो. तालुक्याच्या गावातून आलेला आणि पाड्यावरून आलेला, दोघांनाही तो शब्द पहिल्यांदाच ऐकू येतो. या लेखात त्या पहिल्या दहा तासांची योजना मांडली आहे. पाचवीचा चाळीस मुलांचा वर्ग, आठवड्याला दोन तास, प्रत्येक तास चाळीस मिनिटांचा, असे गृहीत धरले आहे. योजना पाच आठवड्यांची आहे.

योजनेचा सगळा भार एका कसोटीवर आहे, ती आधी सांगतो. वर्गात घ्यावयाचा कोणताही खेळ निवडताना शिक्षकाने स्वतःला विचारावे : फ्रेंच न कळता, न बोलता हा खेळ जिंकता येतो का? येत असेल, तर तो खेळ चांगला असेल, पण भाषेचा पाठ नव्हे. चित्रांच्या जोड्या लावण्याचा खेळ घ्या. मूल मुकाट्याने दोन सारखी चित्रे उचलते आणि जिंकते. वर्ग आनंदात असतो, फळ्यावर फ्रेंच शब्द लिहिलेले असतात, आणि तासाच्या शेवटी एकाही मुलाच्या तोंडून एकही वाक्य बाहेर पडलेले नसते. खेळातून शिकविणे फसते ते बहुतेक वेळा येथेच. पुढील प्रत्येक खेळ याच कसोटीवर पारखून पाहावा.

लेखनपद्धतीविषयी

या लेखात फ्रेंच शब्द देवनागरीत लिहिले आहेत, त्याबाबत दोन सूचना आवश्यक आहेत. फ्रेंचमध्ये काही स्वर निव्वळ नाकातून उच्चारले जातात, त्यांच्यामागे ‘न’ किंवा ‘म’ येत नाही. आपण अनुस्वार वाचताना सहसा पुढच्या व्यंजनाला जुळणारा ‘न’, ‘म’ किंवा ‘ङ’ उच्चारतो. म्हणून येथे अनुस्वाराऐवजी चंद्रबिंदू वापरला आहे. ‘बोँझूर’ म्हणजे नमस्कार. यात ‘बोन्झूर’ असा ‘न’ नाही, हिंदीतल्या ‘हाँ’ किंवा ‘मैं’ या शब्दांत आहे तसा नाकातला स्वर आहे. दुसरी सूचना ‘यू’ विषयी. ‘त्यू’ म्हणजे तू, या शब्दातला स्वर मराठीत नाही. जीभ ‘ई’ साठी ठेवावी आणि ओठ मात्र ‘ऊ’ साठी गोल करावेत, म्हणजे तो निघतो. लेखात तो ‘यू’ असा लिहिला असला, तरी त्यात ‘य’ ऐकू येऊ नये.

मुलांच्या वहीत मात्र पहिले तीन तास काहीही लिहू द्यायचे नाही, देवनागरीतही नाही आणि रोमन लिपीतही नाही. यामागे कारण आहे. फ्रेंच भाषेत लिहिलेली सगळी अक्षरे उच्चारली जात नाहीत. वीस या अर्थाचा ‘व्हँ’ हा शब्द लिहिताना पाच अक्षरे लागतात आणि त्यांतली शेवटची दोन मुकी असतात. टेबल या वस्तूचे फ्रेंच नाव ‘ताब्ल’ आहे, पण त्याचे स्पेलिंग इंग्रजीसारखेच असते. मुलाने ते आधी पाहिले, तर ते ‘टेबल’ असेच वाचणार आणि पुढे तो ‘ट’ जिभेवरून सहजी उतरणार नाही. म्हणून आधी कान, मग तोंड आणि शेवटी डोळा, हा क्रम मोडू नये.

उच्चारांच्या बाबतीत मराठी मुलाकडे एक पुंजी आधीच असते. फ्रेंचमधला ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखाच दातांवर होतो. इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला तो शिकावा लागतो, आपल्या मुलाला फक्त इतकेच सांगावे लागते की येथे ‘ट’ नको, आपला ‘त’ चालेल. हे ऐकल्यावर वर्गातल्या चेहऱ्यांवर जो सुटकेचा भाव येतो, तो पाहण्यासारखा असतो.

पहिले दोन तास : ऐका आणि करा

पहिल्या तासाला मुलांनी बोलायचे नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशी पद्धत मांडली की नवी भाषा आधी आज्ञा ऐकून शरीराने पाळावी आणि बोलणे त्यामागून आपोआप येऊ द्यावे. लहान मूल घरात असेच शिकते. ‘बस’, ‘ये’, ‘दे’ हे त्याला बोलता येण्याच्या कितीतरी आधी कळत असते.

शिक्षकाने पाच आज्ञा घ्याव्यात : ‘लव्हे-व्हू’ म्हणजे उठा, ‘आसेये-व्हू’ म्हणजे बसा, ‘मार्शे’ म्हणजे चाला, ‘आरेते’ म्हणजे थांबा आणि ‘तूशे ला तेत’ म्हणजे डोक्याला हात लावा. प्रत्येक आज्ञा म्हणताना शिक्षकाने स्वतः ती कृती करावी. मुले पाहतात आणि करतात. दहा मिनिटांनंतर शिक्षकाने आज्ञा द्यावी, पण स्वतः हलू नये. त्यानंतर ‘तूशे’ पुढे ‘ल ने’ म्हणजे नाक आणि ‘ला मँ’ म्हणजे हात, हे दोन शब्द जोडावेत. सात गोष्टी एका तासाला पुरेशा आहेत.

दुसऱ्या तासाला याच आज्ञांचा खेळ होतो. फ्रान्समधली मुले तो ‘झाक आ दी’ या नावाने खेळतात. ‘झाक म्हणाला’ असा त्याचा अर्थ. आज्ञेच्या आधी ‘झाक आ दी’ हे शब्द आले, तरच आज्ञा पाळायची. ते न म्हणता नुसतीच आज्ञा दिली, तर हलायचे नाही. आपल्या कसोटीला हा खेळ पूर्ण उतरतो, कारण शब्द कळल्याशिवाय त्यात टिकता येत नाही.

तरीही तो दोन प्रकारे बिघडतो. चुकलेल्या मुलाला बाद करून बसविण्याची प्रथा आहे. त्यामुळे होते असे की ज्याला सरावाची सर्वांत अधिक गरज आहे तोच आधी बाहेर जातो आणि ज्याला येते तोच शेवटपर्यंत खेळत राहतो. म्हणून येथे कोणालाही बाद करू नये. सामना सगळा वर्ग विरुद्ध शिक्षक असा लावावा. एकही मूल चुकीचे हलले तर शिक्षकाला गुण, सगळा वर्ग बरोबर राहिला तर वर्गाला गुण. दुसरा बिघाड लवकर लक्षात येत नाही. अनेक मुले शब्द न ऐकता शेजाऱ्याकडे पाहून हालचाल करतात. ओळखायची खूण अशी की अशा मुलाचा हात इतरांपेक्षा किंचित उशिरा उठतो. उपाय सोपा आहे : मधेच सर्वांना डोळे मिटायला सांगावे आणि उभे राहणे, बसणे, नाकाला हात लावणे एवढ्याच आज्ञा द्याव्यात. कोणाला खरोखर कळले आहे, ते मिनिटभरात दिसते.

तिसरा तास : नाकातला स्वर आणि एक गाणे

तिसऱ्या तासाला मुले पहिल्यांदा बोलतात. येथे ‘बोँझूर’ मधला स्वर बसविणे हे मुख्य काम आहे. शिक्षकाने ‘बोँ’ हा उच्चार लांबवावा, जितका श्वास पुरेल तितका, आणि मग ‘झूर’ जोडावे. मुलांनी तसेच करावे. ‘न’ शिरला आहे की नाही हे कानाने ओळखणे सुरुवातीला अवघड जाते, पण जिभेने ओळखता येते. ‘बोँ’ च्या शेवटी जिभेचे टोक वरच्या दातांमागे जाऊन टेकले, तर ‘न’ शिरला. जीभ खालीच निजून राहिली, तर स्वर शुद्ध आहे. हे प्रत्येक मूल स्वतःचे स्वतः तपासू शकते आणि त्यासाठी त्याला शिक्षकाच्या शेऱ्याची वाट पाहावी लागत नाही.

याच तासाला एक छोटे गाणे घ्यावे. वर्गासाठी रोजच्या वाक्यांचे चार ओळींचे गाणे शिक्षकाला स्वतः बांधता येते. उदाहरणार्थ :

बोँझूर, बोँझूर, सा व्हा?
सा व्हा ब्यँ, ए त्वा?
झ मापेल सुजाता,
ए त्वा, ए त्वा, ए त्वा?

अर्थ असा : नमस्कार, नमस्कार, कसं काय? छान चाललं आहे, आणि तुझं? माझं नाव सुजाता, आणि तुझं, आणि तुझं, आणि तुझं? प्रत्येक अक्षरावर एक टाळी द्यावी. तिसऱ्या ओळीत गाणाऱ्याने स्वतःचे नाव घालावे आणि शेवटच्या ‘ए त्वा’ ला कोणाकडे तरी बोट करावे. ज्याच्याकडे बोट होईल, त्याने पुढचे कडवे उचलायचे. अशी साखळी चाळीस मुलांतून फिरायला दहा मिनिटे लागतात.

गाण्याचा उपयोग पाठांतरापुरता नाही. बोलताना मूल प्रत्येक शब्दानंतर थांबते आणि फ्रेंचमध्ये तर शब्द एकमेकांत मिसळतात. चाल त्याला थांबू देत नाही. पण गाण्याची एक फसवणूकही आहे, ती आपल्या विद्यालयात कोणालाही चटकन समजेल. सकाळच्या वंदनेतील पालि गाथा मुलांना तोंडपाठ असतात. मधलाच एखादा शब्द काढून त्याचा अर्थ विचारला, की मूल पहिल्या ओळीपासून मनात म्हणत तिथवर येते. फ्रेंच गाण्याचेही तसेच होते. म्हणून गाणे झाल्यावर ते मोडावे. चाल न लावता एखाद्याला एकदम विचारावे, ‘सा व्हा?’ उत्तर गाण्याबाहेर आले, तर वाक्य त्याचे झाले. नाही आले, तर अजून ते केवळ सूर आहे.

फ्रेंच मुलांचे सुप्रसिद्ध गीत ‘फ्रेर झाक’ हेही पुढे जरूर शिकवावे. पहाटेची घंटा वाजविण्याची वेळ झाली तरी झोपून राहिलेल्या एका मठवासी बंधूला त्यात जागे केले जात आहे. वसतिगृहातल्या मुलांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. वर्गाचे चार गट करून एकामागून एक सुरुवात केली, की ते एकमेकांत गुंफले जाते. ‘फ्रेर’ म्हणजे भाऊ. संस्कृतातील ‘भ्राता’ आणि पालितील ‘भाता’ यांचा हा दूरचा नातलग आहे. मुलांना असे नाते सांगितले, की शब्द विसरत नाहीत.

चौथा ते सहावा तास : अभ्र्यातली वस्तू

आता योजनेचा गाभा. फ्रेंचमध्ये प्रत्येक नाम एक तर पुल्लिंगी असते किंवा स्त्रीलिंगी, नपुंसकलिंग नाही. पुल्लिंगी नामाआधी ‘अँ’ आणि स्त्रीलिंगी नामाआधी ‘यून’ येते. दोन्हींचा अर्थ ‘एक’. इंग्रजीतून फ्रेंचकडे येणाऱ्याला हे विचित्र वाटते. मराठी मुलाला वाटू नये, कारण आपल्याकडे तर तीन लिंगे आहेत. वर्गाच्या दाराकडे बोट करून विचारावे : हा काय आहे? मुले म्हणतात, ‘तो दरवाजा’. मग विचारावे, ‘दार’ कसे म्हणतो? ‘ते दार’. वस्तू एकच, पण शब्द बदलला की लिंग बदलले. म्हणजे लिंग वस्तूत नसते, शब्दात असते. एवढे कळले, की फ्रेंच लोक दाराला ‘यून पोर्त’ असे स्त्रीलिंगात का म्हणतात, हा प्रश्नच उरत नाही. त्यांचा शब्द तसा आहे, इतकेच.

साहित्य असे घ्यावे : उशीचे पाच अभ्रे आणि प्रत्येकात सहा वस्तू. पेन म्हणजे ‘अँ स्तीलो’, पेन्सिल म्हणजे ‘अँ क्रेयोँ’, वही म्हणजे ‘अँ काये’, खोडरबर म्हणजे ‘यून गोम’, पट्टी म्हणजे ‘यून रेग्ल’ आणि किल्ली म्हणजे ‘यून क्ले’. तीन पुल्लिंगी, तीन स्त्रीलिंगी.

चौथ्या तासाला फक्त ‘अँ’ आणि ‘यून’ ऐकण्याचा सराव करावा. वर्गाची एक भिंत ‘अँ’ची, दुसरी ‘यून’ची. शिक्षक वस्तू न दाखवता ‘यून क्ले’ म्हणतो आणि मुले योग्य भिंतीकडे तोंड करतात. ‘अँ’ मध्ये ‘न’ ऐकू येत नाही, ‘यून’ मध्ये स्पष्ट येतो. या फरकावर कान बसला, की अर्धे काम झाले. नाम कधीही सुटे शिकवू नये. ‘गोम’ असे नाही, नेहमी ‘यून गोम’. आपणही घरात ‘वही’ हा शब्द ‘माझी वही’, ‘ती वही’ असाच ऐकत आलो, म्हणून तिचे लिंग आपल्याला कधी पाठ करावे लागले नाही.

पाचव्या तासाला खेळ होतो. एकच अभ्रा घेऊन सगळ्या वर्गासमोर खेळ लावण्याचा मोह होतो, तो टाळावा. चाळीस मुलांना पंधरा-पंधरा सेकंद दिले, तरी दहा मिनिटांत प्रत्येकाला एकदाच बोलायला मिळते आणि उरलेला वेळ तो प्रेक्षक असतो. त्याऐवजी आठ-आठ मुलांचे पाच गट करावेत आणि प्रत्येक गटाला एक अभ्रा द्यावा. एका पाळीला वीस सेकंद धरले, तर पंधरा मिनिटांत गटात पंचेचाळीस पाळ्या होतात. म्हणजे प्रत्येक मूल पाच-सहा वेळा पूर्ण वाक्य बोलते. वर्गात गलका होईल, तो होऊ द्यावा.

पाळी अशी चालते. मूल अभ्र्यात हात घालून, न पाहता, एक वस्तू चाचपते. गट विचारतो, ‘केस्क से?’ म्हणजे ‘हे काय आहे?’ मूल उत्तर देते, ‘सेत अँ क्रेयोँ’, ही पेन्सिल आहे. वस्तू बाहेर काढली जाते. नाव आणि लिंग दोन्ही बरोबर असेल, तर गट ‘उई’ म्हणतो आणि वस्तू मुलासमोर राहते. काही चुकले, तर गट ‘नोँ’ म्हणतो आणि वस्तू परत अभ्र्यात जाते. रागावणे नाही, हसणे नाही. वस्तू परत गेली, एवढीच शिक्षा.

चुका कोठे होतात, हे आधीच सांगता येते. पट्टी आणि किल्ली मराठीतही स्त्रीलिंगी आहेत, त्यामुळे तिथे मूल चुकत नाही. पेनाला कोणी ‘तो’ म्हणतो, कोणी ‘ते’, त्यामुळे तेथेही गोंधळ कमी. चुका होतात त्या पेन्सिल, वही आणि खोडरबर या तीन शब्दांत, कारण तेथे मराठी लिंग उलटे आहे. एक मुलगा तीन वेळा ‘यून काये’ म्हणाला आणि तीनही वेळा वही अभ्र्यात परत गेली. अखेर तो चिडून म्हणाला, “पण सर, वही तर ती असते ना!” चूक आळसाने झालेली नव्हती. त्याचे मराठी पक्के होते, म्हणून ती झाली होती. अशा वेळी नियम समजावत बसू नये. शिक्षकाने दोन पर्याय म्हणून दाखवावेत, ‘अँ काये? यून काये?’ आणि मुलाला निवडू द्यावे. मग त्यालाच पुढच्या दोन पाळ्यांसाठी ‘उई’ आणि ‘नोँ’ म्हणणारा पंच करावे. इतरांचे तपासताना त्याचे स्वतःचे सुधारते.

सहाव्या तासाला हेच शब्द प्रथमच लिहून दाखवावेत. पुल्लिंगी शब्द निळ्या खडूने, स्त्रीलिंगी लाल खडूने. आता मूल अक्षरे पाहून उच्चार ठरवत नाही, उच्चार आधीच ठाऊक असल्याने अक्षरे ओळखते. मुके अक्षर दिसले, की मुलेच हसून ते दाखवतात.

सातवा आणि आठवा तास : ‘त्यू’ आणि ‘व्हू’

इंग्रजीत सर्वांना एकच सर्वनाम पुरते. फ्रेंचमध्ये मराठीप्रमाणेच दोन आहेत : ‘त्यू’ म्हणजे तू आणि ‘व्हू’ म्हणजे तुम्ही. ‘व्हू’ हे आपल्या ‘तुम्ही’ सारखेच अनेकांनाही चालते आणि एकाच आदरणीय व्यक्तीलाही चालते. त्यामुळे व्याकरण शिकवावे लागत नाही, वापर मात्र शिकवावा लागतो.

खेळ असा : प्रत्येक मुलाच्या पाठीवर एक चिठ्ठी लावावी. मैत्रीण, आजी, मुख्याध्यापिका, दुकानदार, रस्ता झाडणारे काका, डॉक्टर, लहान भाऊ. मुले वर्गात फिरतात आणि समोरच्याच्या पाठीवर काय आहे ते पाहून अभिवादन करतात. जवळच्या माणसाला ‘साल्यू, सा व्हा?’ आणि अनोळखी वा आदरणीय व्यक्तीला ‘बोँझूर मादाम’ किंवा ‘बोँझूर मस्यो’, पुढे ‘कोमाँताले-व्हू?’ ज्याच्या पाठीवर चिठ्ठी आहे, त्याने आपण कोण हे ऐकलेल्या अभिवादनावरून ओळखायचे. पाठीवरची चिठ्ठी नेमकी ओळखता आली नाही, तरी आपण ‘त्यू’च्या बाजूचे की ‘व्हू’च्या, एवढे सांगता आले, तरी गुण.

आजीच्या चिठ्ठीपाशी मुले थबकतात. मराठीत काही घरांत आजीला ‘तू’ म्हणतात, काही घरांत ‘तुम्ही’. आजच्या फ्रेंच घरांत आई, वडील, आजी यांना सहसा ‘त्यू’च म्हणतात. शिक्षकांना मात्र ‘व्हू’. हे सांगितले, की घरचा प्रश्न सुटतो. झाडणाऱ्या काकांच्या चिठ्ठीपाशी वेगळेच घडते. अनेक मुले त्यांना ‘साल्यू’ म्हणतात आणि डॉक्टरांना ‘बोँझूर मस्यो’. येथे खेळ थांबवावा. फ्रेंच रिवाज असा आहे की अनोळखी प्रौढ व्यक्तीला ‘व्हू’ म्हणायचे, मग ती झाडू मारत असो वा दवाखाना चालवीत असो. व्यवसायावरून सर्वनाम ठरत नाही, ओळखीवरून ठरते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ मध्ये, सर्वांनी एकमेकांना ‘त्यू’ म्हणावे असा आग्रह धरला गेला होता. तो फार काळ टिकला नाही. समानता पुढे दुसऱ्या वाटेने आली : सगळे अनोळखी ‘व्हू’ झाले.

आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबांना त्यांच्या गावात, त्यांच्यापेक्षा वयाने लहान असलेल्या माणसांनीही ‘अरे-तुरे’ केलेले आहे. ती गोष्ट घरात ऐकलेली मुले या क्षणी गप्प होतात. त्यानंतर त्याच चिठ्ठ्या पुन्हा लावून खेळ पुन्हा घ्यावा. या फेरीत काकांना ‘बोँझूर मस्यो’ मिळते.

नववा तास : चार विसा

एक ते दहा हे अंक मुलांना सहज येतात, कारण त्यांतले काही त्यांच्या कानाला ओळखीचे आहेत. पालितील ‘सत्त’ आणि ‘दस’ यांच्याशेजारी फ्रेंच ‘सेत’ आणि ‘दीस’ ठेवून म्हणून दाखवावेत. वीसपर्यंतचे आकडे चिंचोके मोजत घ्यावेत.

मग एक कोडे घालावे. फ्रान्समध्ये ऐंशीला ‘कात्र-व्हँ’ म्हणतात. ‘कात्र’ म्हणजे चार आणि ‘व्हँ’ म्हणजे वीस. चिंचोक्यांचे वीस-वीसचे चार ढीग केले, की मुले स्वतःच उत्तर सांगतात. सत्तर म्हणजे ‘स्वासाँत-दीस’, साठ आणि दहा. नव्वद म्हणजे ‘कात्र-व्हँ-दीस’, चार विसा आणि दहा. इंग्रजीतून शिकणारे याला फ्रेंचांचा हट्ट म्हणतात. पण आपल्या गावांतली जुनी माणसे ‘तीन विसा’, ‘चार विसा’ असेच मोजत आली आहेत आणि पाच विसा म्हणजे शंभर. सुट्टीत घरी गेल्यावर आजीला विसांनी मोजायला सांगा, हाच या तासाचा गृहपाठ. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधले फ्रेंच भाषक सत्तर आणि नव्वदसाठी निराळे सुटे शब्द वापरतात, हेही जाता जाता सांगावे.

दहावा तास : काय आले, कसे कळावे

शेवटच्या तासाला लेखी परीक्षा नको. एकेक मूल शिक्षकाजवळ येते, बाकीचा वर्ग गाणे किंवा अभ्र्याचा खेळ चालू ठेवतो. मुलाला फक्त चाळीस सेकंद मिळतात : अभिवादन, स्वतःचे नाव आणि अभ्र्यातून काढलेल्या दोन वस्तू. पूर्ण वाक्य आणि योग्य ‘अँ’ वा ‘यून’ आले, तर ते आले. चाळीस मुलांना सत्तावीस मिनिटे लागतात. खरी पारख मात्र मधे काही दिवसांचा खंड पडल्यावर होते. म्हणून हा तास नवव्या तासानंतर निदान एका आठवड्याने घ्यावा.

दहा तासांत फ्रेंच येत नाही, हे पालकांना स्पष्ट सांगितले पाहिजे. येतात ती पंधरा-वीस वाक्ये, सुमारे तीस शब्द आणि कानाची सवय. शिक्षकाचा स्वतःचा उच्चार कच्चा असेल, तर मुले तोच कच्चा उच्चार उचलतील. म्हणून प्रत्येक नवे वाक्य फ्रेंच भाषकाच्या ध्वनिमुद्रणावरून आधी ऐकवावे आणि मगच स्वतः म्हणावे.

दहाव्या तासाची उरलेली दहा मिनिटे तीन शब्दांसाठी राखून ठेवावीत : ‘लिबेर्ते’, ‘एगालिते’, ‘फ्रातेर्निते’. विद्यालयाच्या भिंतीवर त्यांचे मराठी रूप मुले रोज वाचतात : स्वातंत्र्य, समता, बंधुता. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून बोलताना बाबासाहेबांनी स्पष्ट केले होते की ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली आहेत. मुलांना हे सांगावे आणि मग अभ्र्याच्या खेळातलाच प्रश्न विचारावा : ‘अँ’ की ‘यून’? ‘ते’ने संपणारे हे तीनही फ्रेंच शब्द स्त्रीलिंगी आहेत. मराठीत ‘ता’ने संपणारी समता आणि बंधुताही ‘ती’च आहे. फक्त स्वातंत्र्य ‘ते’ असते. तिसऱ्या शब्दातल्या ‘फ्रातेर’ मध्ये कोण दडले आहे, असे विचारले, की ‘फ्रेर झाक’ गायलेले एखादे मूल बाकावरून उठून ओरडते, “भाऊ!” आणि तास संपल्याची घंटा होते.